दोन हुकूमनामे आणि एक कबुतरखाना

क्रांतीचे कागद सहसा कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. त्यांचे उतारे परीक्षेच्या पुस्तकात येतात, कलमे पाठ होतात आणि विसरली जातात. पण 26 ऑक्टोबर 1917 च्या रात्री पेत्रोग्रादच्या स्मोल्नी संस्थेत मंजूर झालेले दोन हुकूमनामे, एक शांततेचा आणि एक जमिनीचा, कवितेसारखे ओळ न ओळ वाचावेत असे आहेत. (रशियाची दिनदर्शिका तेव्हा 13 दिवस मागे होती, म्हणून आपल्या हिशेबाने ती 8 नोव्हेंबरची रात्र.) दोन्ही मिळून छापील मजकूर काही पानांचाच. आदल्याच रात्री हिवाळी राजवाडा पडलेला, मंत्री अटकेत, आणि सभागृहात ओव्हरकोट घातलेले सैनिक, कामगार आणि खेड्यातून आलेले प्रतिनिधी. आधी लेनिनने शांततेचा मसुदा वाचला, मग जमिनीचा. जॉन रीड हा अमेरिकन पत्रकार तिथे हजर होता. जमिनीच्या हुकूमनाम्यावर मतदान झाले तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, अशी नोंद त्याने केली आहे.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी युद्ध, मग जमीन. ज्या देशातली ऐंशी टक्क्यांहून अधिक माणसे खेड्यात राहतात तिथे सैन्य म्हणजे गणवेशातला शेतकरीच. खंदकात बसलेल्या माणसाला गावात जमीन वाटली जात असल्याची बातमी लागली की तो तिथे थांबत नाही. आणि तो घरी पोचला नाही तर वाटणीत त्याचा हिस्सा कोण धरणार? या दोन प्रश्नांना वेगवेगळ्या खात्यांत ठेवणे हीच फेब्रुवारीनंतरच्या हंगामी सरकारची चूक होती. जमिनीचा निर्णय संविधान सभा करील, तोवर धीर धरा, असे ते सांगत राहिले आणि जूनमध्ये केरेन्स्कीने आघाडीवर नवा हल्ला चढवला. हल्ला फसला. उन्हाळा संपेपर्यंत तांबोव प्रांताच्या कोझलोव भागात जमीनदारांचे वाडे जळू लागले होते.

म्हणजे हुकूमनामा आला तेव्हा खेड्यात काम सुरू झालेले होते. त्याची पहिली ओळ या दृष्टीने वाचावी. जमिनीवरची जमीनदारांची मालकी ताबडतोब आणि कोणत्याही भरपाईशिवाय रद्द, एवढाच तिचा आशय. प्रस्तावना नाही, देवाचे किंवा राष्ट्राचे नाव नाही, इतिहासाचा उल्लेखही नाही. वाक्यातले वजन ‘भरपाईशिवाय’ या भागावर आहे, आणि ते का, हे रशियन शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नव्हती. 1861 मध्ये झारने भूदासांना मुक्त केले तेव्हा मिळालेल्या जमिनीची किंमत त्यांनी 49 वर्षांच्या हप्त्यांत फेडायची होती. मुक्तीच्या वाटणीत कितीतरी गावांची पूर्वी वहिवाटीत असलेली कुरणे आणि चांगले तुकडे कापून जमीनदाराकडे राहिले. 1905 च्या उठावानंतर हप्ते रद्द झाले, 1907 पासून ते थांबले, पण तोवर दोन पिढ्या आपल्याच बापजाद्यांनी नांगरलेल्या जमिनीची किंमत भरत आल्या होत्या. पहिल्या ओळीतला तो एक शब्दसमूह या साऱ्या हिशेबाला दिलेले उत्तर आहे.

पुढची कलमे मोजकी आहेत. जमीनदारांच्या, राजघराण्याच्या, मठांच्या आणि चर्चच्या जमिनी, गुरे, अवजारे आणि इमारतींसह, संविधान सभा भरेपर्यंत स्थानिक जमीन समित्या आणि जिल्ह्यांतील शेतकरी सोव्हिएतांच्या ताब्यात. साध्या शेतकऱ्यांच्या आणि साध्या कोसॅकांच्या जमिनीला हात लावायचा नाही. यात मधले एक कलम आहे, ज्यावर वाचक सहसा रेंगाळत नाही. जप्त झालेल्या मालमत्तेची नासधूस हा गंभीर गुन्हा ठरेल, कारण ती आता साऱ्या जनतेची आहे. तिची काटेकोर यादी करावी. वाडे पेटवणाऱ्या गावाला उद्देशून हे लिहिले आहे. हुकूमनाम्याचा स्वर इथे एका क्षणात बदलतो. पहिल्या ओळीत तो शेतकऱ्याच्या बाजूने जमीनदाराशी बोलत होता, इथे तो शेतकऱ्याशीच बोलतो आहे आणि बोलणारा आहे राज्य. गावाला वाटत होते, जमीन आमची झाली. कागद म्हणतो, जमीन सगळ्यांची झाली. या दोन वाक्यांतले अंतर त्या रात्री कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही. पुढची बारा वर्षे त्या अंतरातच घडली.

हुकूमनाम्याचा खरा गाभा मात्र लेनिनचा नाहीच. चौथ्या कलमाने एक लांब मागणीपत्र जोडून घेतले आहे. मे महिन्यात भरलेल्या शेतकरी काँग्रेसला गावागावांतून 242 मागणीपत्रे आली होती. त्यांचे सार काढून शेतकरी सोव्हिएतांच्या ‘इझ्वेस्तिया’ने ते ऑगस्टमध्ये छापले. हे वर्तमानपत्र समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या प्रभावाखालचे, म्हणजे बोल्शेविकांच्या प्रतिस्पर्ध्यांचे. सभागृहात कोणीतरी हे बोलून दाखवले, तेव्हा लेनिनने ते नाकारले नाही. कोणी लिहिले याला महत्त्व नाही, आम्हाला हे पूर्ण पटत नसले तरी जनतेचा निर्णय आम्ही डावलू शकत नाही, अनुभव काय बरोबर ते दाखवील, असा त्याच्या उत्तराचा सूर होता. प्रतिस्पर्ध्याचा मसुदा उचलून स्वतःच्या सहीने काढणे याला राजकारणात चोरी म्हणता येईल. मी याला त्या रात्रीचे सर्वांत हुशार संपादन म्हणेन. हंगामी सरकारमध्ये त्याच पक्षाचा चेर्नोव मे महिन्यात शेतीमंत्री झाला होता. त्याला स्वतःच्या पक्षाचा हा कार्यक्रम अमलात आणता आला नव्हता.

मागणीपत्राची भाषा वाचताना एक गाव समोर उभे राहते. जमिनीची खाजगी मालकी कायमची संपली. ती विकता, विकत घेता, खंडाने देता किंवा गहाण टाकता येणार नाही. स्त्री असो वा पुरुष, जो स्वतःच्या कष्टाने कसू इच्छितो त्याला कसण्याचा हक्क, आणि कसण्याची ताकद आहे तोवरच. मजूर लावायचे नाहीत. कोणी आजारी पडला आणि दोन वर्षांपर्यंत त्याला काम जमले नाही, तर गावाने मिळून त्याचे शेत कसून द्यावे. म्हाताऱ्याने जमीन सोडावी आणि राज्याने त्याला निवृत्तिवेतन द्यावे. फळबागा, रोपवाटिका, चांगल्या पद्धतीने चालणारी मोठी शेती यांचे तुकडे पाडू नयेत. लोकसंख्या वाढली की जमिनीची फेरवाटणी व्हावी. पण जमीन हातची जाताना तिच्यात घातलेल्या आणि अजून न संपलेल्या खताची किंमत कसणाऱ्याला मिळावी. हा शेवटचा तपशील कोणत्याही शहरी क्रांतिकारकाला सुचला नसता. ज्याने स्वतः शेण वाहिले आहे त्याचेच हे वाक्य.

त्याच मागणीपत्रात एक काटाही आहे. जमीन पुरत नसेल तर जादा माणसांना दुसरीकडे वसवायचे, आणि त्याचा क्रम असा: आधी स्वखुशीने जाणारे भूमिहीन, मग गावातले वाईट चालीचे लोक, सैन्यातून पळालेले, आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून किंवा आपसात ठरवून. सैन्यातून पळालेले! मागणीपत्र तयार झाले उन्हाळ्यात. गावाच्या जुन्या नजरेत पळपुटा शिपाई वाईट चालीच्या माणसाच्या रांगेत बसतो. ऑक्टोबरात हा मजकूर मंजूर होतो तेव्हा आघाडीवरून हजारोंनी माणसे घराकडे चालली होती, आणि काही तासांपूर्वी याच सभागृहाने शांततेचा हुकूमनामा मंजूर करून त्यांच्या जाण्याला जणू मान्यताच दिली होती. घाईत चिकटवलेल्या कागदात अशी जुनी ओळ तशीच राहून जाते. दोन हुकूमनाम्यांतला सांधा कुठे कच्चा आहे ते याच ओळीत दिसते.

शांततेचा हुकूमनामा वेगळ्याच जातीचा. तो लढणाऱ्या सगळ्या ‘जनतांना आणि त्यांच्या सरकारांना’ एकाच वेळी उद्देशून आहे, आणि त्याची सारी ताकद आणि सारा कमकुवतपणा या दुहेरी संबोधनात आहे. भूभाग न बळकावता, खंडणी न घेता, न्याय्य लोकशाही तह व्हावा. किमान तीन महिन्यांची युद्धबंदी व्हावी. गुप्त मुत्सद्देगिरी संपावी आणि झारचे गुप्त करार प्रसिद्ध करावेत. मग एक वाक्य ‘बळकावणे’ म्हणजे काय ते सांगते. दुर्बळ राष्ट्राला त्याच्या स्पष्ट आणि स्वेच्छेच्या संमतीशिवाय मोठ्या राज्यात सामील करणे म्हणजे बळकावणे, मग ते केव्हाही घडलेले असो, ते राष्ट्र कितीही प्रगत वा मागासलेले असो, युरोपात असो की समुद्रापलीकडच्या दूरच्या देशात. या शेवटच्या शब्दांत हिंदुस्थानही येत होता, आणि लंडनला ते कळत होते. जानेवारी 1918 मध्ये टिळकांच्या ‘केसरी’त लेनिनवर लेख आला, यात नवल नाही.

पण इतके ताणून धरलेले वाक्य थोडे पुढे गेल्यावर सैल होते. या अटी म्हणजे निर्वाणीचा इशारा नाही, दुसऱ्या अटींवरही विचार करू, असे कागद म्हणतो. शेवटी तो सरकारांना बाजूला सारून इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीच्या कामगारांना त्यांच्याच चळवळींची आठवण देतो आणि मदत मागतो. जमिनीचा हुकूमनामा ज्याला उद्देशून होता तो आधीच नांगर घेऊन वाटेवर होता. शांततेचा हुकूमनामा ज्यांना उद्देशून होता ते सरकारी दफ्तरांत आणि परदेशी कारखान्यांत बसलेले होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी उत्तर दिले नाही. उत्तर दिले फक्त शत्रूने. डिसेंबरात ब्रेस्त-लितोव्स्कला युद्धबंदी झाली. वाटाघाटी लांबवून जर्मनीत क्रांती होईल अशी वाट पाहत त्रोत्स्कीने फेब्रुवारीत जाहीर केले की आम्ही लढणार नाही आणि सहीही करणार नाही. जर्मन सैन्य 18 फेब्रुवारीला पुढे सरकले तेव्हा समोर अडवायला जवळजवळ कोणी नव्हते. 3 मार्च 1918 ला सही झाली, आणि युक्रेन, पोलंड, बाल्टिक प्रदेश, फिनलंड हातचे गेले. भूभाग न बळकावता तह मागणाऱ्या कागदाचा शेवट इतिहासातल्या मोठ्या बळकावणुकींपैकी एकीवर सही करण्यात झाला. लेनिनला हे दिसत होते आणि तरी त्याने सहीच्या बाजूने मत दिले, कारण लढायला सैन्य उरले नव्हते. आणि ते का उरले नव्हते याचे अर्धे कारण त्याच रात्रीच्या दुसऱ्या हुकूमनाम्यात होते.

आता याच्या शेजारी फ्रान्सचे कागद ठेवू. 4 ऑगस्ट 1789 ची रात्र, ठिकाण व्हर्साय. तिथेही कारण तेच: खेड्यात वाडे आणि जमीनदारांचे दप्तर जळत होते. नोआय आणि एग्वियों या दोन सरदारांनी उठून आपले सरंजामी हक्क सोडण्याचा प्रस्ताव मांडला आणि रात्रभर त्यागाची चढाओढ लागली. आठवडाभरात, 11 ऑगस्टला, हुकूमनाम्याचा पक्का मसुदा झाला. त्याची पहिली ओळ स्मोल्नीच्या ओळीपेक्षा जास्त गरजते: राष्ट्रसभा सरंजामशाही संपूर्ण नष्ट करते. पण त्याच पहिल्या कलमात पुढे वाचत जा. माणसाच्या गुलामीशी जोडलेले हक्क भरपाईशिवाय रद्द. बाकीचे, म्हणजे जमिनीवरचे देणे, पैसे देऊन सोडवून घ्यायचे. आणि सोडवून घेईपर्यंत ते भरतच राहायचे. घोषणा संपूर्ण विनाशाची आणि कलम हप्त्यांचे. वकिलांनी लिहिलेला कागद असाच असतो.

दुसरे कलम मात्र मला फार आवडते. त्यात कबुतरखान्यांचा खास हक्क रद्द केला आहे. सरदाराची कबुतरे कुळाच्या पेरणीवर उतरायची आणि कुळाला त्यांना हात लावता येत नसे. आता गावाने ठरवलेल्या काळात कबुतरे कोंडून ठेवायची. त्या काळात ती बाहेर दिसली तर ती शिकार समजावी आणि आपल्या जमिनीवर ज्याने त्याने मारावी. घाईतल्या रात्रीतून आलेल्या एवढ्या मोठ्या कागदात हा तपशील टिकला, कारण मागण्यांच्या वह्यांतून तो गावांकडून आला होता. रशियातल्या न संपलेल्या खतासारखाच हा शेतातून आलेला शब्द आहे. दोन्ही क्रांतींच्या कागदांत शहरी हाताने लिहिलेले काय आणि खेड्यातून आलेले काय, हे अशा जागी ओळखू येते.

सोडवणुकीचा दर मे 1790 मध्ये ठरला: रोख देण्याच्या 20 पट आणि धान्यातल्या देण्याच्या 25 पट. ज्या कुळाला वर्षाला 10 लिव्हर रोख द्यावे लागत त्याने मोकळे होण्यासाठी 200 लिव्हर एकदम काढायचे. तेच देणे धान्यात असेल आणि त्याची किंमत 10 लिव्हर धरली तर 250. इतकी रक्कम ज्याच्याकडे होती त्याला मुक्तीची फारशी घाई नव्हती. बाकीच्यांनी सरळ देणे थांबवले आणि पुन्हा दप्तरे जाळली. चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या झाल्या, पण त्या लिलावात विकल्या गेल्या आणि मोठा वाटा पैसेवाल्या शहरी लोकांनी आणि सधन शेतकऱ्यांनी घेतला. रशियाने जे एका रात्रीत लिहिले, ते लिहायला फ्रान्सला चार वर्षे लागली, आणि मधे एक युद्ध आले.

फ्रान्सचाही शांततेचा एक हुकूमनामा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नूटका खाडीवरून स्पेन आणि इंग्लंड भांडले, स्पेनने फ्रान्सकडे मदत मागितली, आणि युद्ध पुकारायचा हक्क राजाचा की राष्ट्राचा यावर वाद झाला. 22 मे 1790 ला सभेने जाहीर केले की फ्रान्स जिंकण्यासाठी कधी युद्ध करणार नाही आणि कोणत्याही जनतेच्या स्वातंत्र्याविरुद्ध आपले बळ वापरणार नाही. पुढे ते संविधानातही गेले. दोनच वर्षांनी, 20 एप्रिल 1792 ला, त्याच राष्ट्राने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. रोबेस्पिएर जाकोबाँ क्लबात सांगत राहिला की संगिनी घेऊन येणाऱ्या धर्मप्रचारकाला कोणी पसंत करत नाही. त्याचे ऐकले गेले नाही.

पण इथे दोन क्रांतींचा क्रम उलटा होतो. रशियाला युद्ध वारशात मिळाले होते आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी जमीन द्यावी लागली. फ्रान्सने युद्ध स्वतः ओढवून घेतले आणि ते लढण्यासाठी जमिनीचा प्रश्न संपवावा लागला. ऑगस्ट 1792 मध्ये, शत्रूचे सैन्य सीमेत आल्यावर, नियम बदलला: देणे मागणाऱ्या सरदारानेच आपला मूळ दस्तऐवज दाखवायचा. कितीतरी दस्तऐवज आधीच राख झालेले होते. आणि 17 जुलै 1793 च्या हुकूमनाम्याने उरलेले सगळे देणे भरपाईशिवाय रद्द करून ते कागद जाळायला सांगितले. सव्वा महिन्याने, 23 ऑगस्टला, सरसकट सैन्यभरतीचा हुकूम निघाला. म्हणजे फ्रान्समध्येही अखेर दोन्ही कागद शेजारी आले, फक्त त्यांच्यात शांतता नव्हती.

युद्धाने दिलेल्या जमिनीचा दाम युद्धानेच वसूल केला, हे दोन्हीकडे खरे आहे. फ्रान्समध्ये तो मुलांच्या रूपाने मागितला गेला. फेब्रुवारी 1793 च्या तीन लाखांच्या भरतीवरून व्हांदेचा उठाव पेटला. रशियात तो प्रामुख्याने धान्याच्या रूपाने मागितला गेला, आणि इथे जमिनीच्या हुकूमनाम्यातली सर्वांत मोठी गाळलेली जागा दिसते. त्यात जमीन कोणाची हे आहे, गुरे कोणाची हे आहे, खताचा हिशेबसुद्धा आहे. धान्य कोणाचे, ते शहराला कोणत्या भावाने जाणार, बदल्यात शेतकऱ्याला काय मिळणार, यावर एक शब्द नाही. मोठी शेते मोडली, आणि ज्या वाड्यांतून बाजारात धान्य यायचे ते संपले. शेतकऱ्याने पिकवलेले खाल्ले किंवा ठेवून दिले, कारण कारखान्यात खिळे आणि कापड होत नव्हते आणि रुबल कवडीमोल झाला होता. ब्रेस्तच्या तहाने युक्रेनचे धान्यही गेले. मे 1918 मध्ये अन्नाची मक्तेदारी कडक झाली, शहरांतून सशस्त्र तुकड्या खेड्यात गेल्या, जून महिन्यात गरिबांच्या समित्या उभ्या केल्या. यादवी युद्धासाठी जानेवारी 1919 पासून देशभर सक्तीची धान्यवसुली सुरू झाली.

तांबोवकडे पुन्हा पाहा. काळ्या मातीचा, जमीनदारांच्या वाड्यांचा प्रांत. 1917 च्या सप्टेंबरात तिथले वाडे हुकूमनाम्याची वाट न पाहता जळले. कागदाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जमीन ग्रामसभांनी खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबाने वाटली. झारचा पंतप्रधान स्तोलिपिन याच्या काळात सामाईक जमिनीतून वेगळे निघालेले शेतकरी पुष्कळ ठिकाणी परत तिच्यात ओढले गेले. माणशी वाट्याला आलेली भर फार मोठी नव्हती, पण जमीनदार नव्हता. 1920 च्या ऑगस्टात त्याच प्रांतात अंतोनोवच्या नेतृत्वाखाली धान्यवसुलीविरुद्ध उठाव झाला. तो मोडायला लाल सेनेचा सेनापती तुखाचेव्स्की आला, आणि जून 1921 मध्ये जंगलात लपलेल्यांवर विषारी वायू वापरण्याचा हुकूम निघाला. उठाव करणारे बहुतेक तेच लोक, ज्यांना त्या रात्रीने जमीन दिली होती. मार्च 1921 मध्ये वसुलीऐवजी ठरावीक धान्यकर आला. म्हणजे हुकूमनाम्यात गाळलेले कलम साडेतीन वर्षांनी लिहिले गेले, आणि तेही तात्पुरते.

जमिनीच्या हुकूमनाम्यात ‘संविधान सभा भरेपर्यंत’ हे शब्द आहेत. सभा 5 जानेवारी 1918 ला भरली. त्यात बहुमत समाजवादी क्रांतिकारकांचे होते, म्हणजे मागणीपत्राच्या मूळ मालकांचे. दुसऱ्या दिवशी ती बरखास्त झाली. तेव्हापासून जमीन कोणाची हे ठरवायला राज्याशिवाय कोणी उरले नाही. कागद म्हणून मला अजूनही रशियाचाच हुकूमनामा उजवा वाटतो: तो सरळ आहे, त्याच्यात हप्ते लपवलेले नाहीत, आणि त्याच्यातला शेतकरी स्वतःच्या शब्दांत बोलतो. पण फ्रान्सच्या लिलावांनी आणि जाळलेल्या दस्तऐवजांनी शेतकऱ्याला मालक केले. 1814 मध्ये बुर्बों राजे परत आले तेव्हा त्यांच्याच सनदेत क्रांतीत विकलेल्या जमिनींना अभय द्यावे लागले. रशियात मालकी कोणालाच दिली नव्हती, त्यामुळे 1929-30 च्या हिवाळ्यात सामुदायिक शेतीची सक्ती आली तेव्हा शेतकऱ्याच्या हातात दाखवायला कोणताही कागद नव्हता.